ऊन इकडून निघालंय: गुड मॉर्निंगच्या मेसेजला कवितेचा हलका हात

"ताई, माझी कॉलेजची मैत्रीण आता पुण्यात जॉबला आहे. रोज सकाळी मी तिला 'गुड मॉर्निंग, तुझा दिवस छान जावो' टाकते, ती सूर्याचा इमोजी टाकते, संपलं. परवा जरा कवितेसारखं लिहिलं, 'पहाटेच्या सोनेरी किरणांनी तुझं आयुष्य उजळून निघो', तर तिचं उत्तर आलं, 'कुठून फॉरवर्ड केलं बे?' मी खरंच स्वतः लिहिलं होतं. साधाच मेसेज थोडा सुंदर कसा करायचा, पण ओढूनताणून वाटायला नको?"

तुझ्या मैत्रिणीनं बरोब्बर दुखणं पकडलंय. तू लिहिलेलं वाक्य चुकीचं नाही, पण ते कोणीही कोणालाही, कोणत्याही गावातून, कोणत्याही महिन्यात पाठवू शकतं. नागपुरात मे महिन्यात बसून पाठव नाहीतर नाशिकला डिसेंबरात, एक अक्षर बदलावं लागत नाही. फॉरवर्डची ओळख हीच असते. तू स्वतः बसून लिहिलंस तरी त्यात तू कुठंच नाहीस आणि तीही नाही, मग तिनं का म्हणून समजावं की हे माझ्यासाठी आहे.

मी बारा वर्षं इथं नागपुरात रेडिओच्या सकाळच्या कार्यक्रमासाठी निवेदनाच्या ओळी लिहिल्या, दोन गाण्यांच्या मधे जी दोन-तीन वाक्यं येतात ना, ती. सुरुवातीला मी त्या ओळी आदल्या रात्री लिहून ठेवायची, छान छान शब्द जमवून, आणि सकाळी त्या ऐकताना मलाच कळायचं की हे कुणाशी बोलणं नाही, हे वाचन चाललंय. मग एकदा रात्री वेळ नाही मिळाला, पहाटे स्टुडिओत येताना शंकरनगर चौकात एक पोहेवाला मोठ्या पातेल्यात तर्री ढवळत होता आणि सगळ्या रस्त्यावर तोच वास होता, ते मी आल्या आल्या दोन वाक्यात लिहून दिलं. त्या दिवशी लोकांचे फोन आले, ताई आम्ही पण आत्ता पोहेच खाऊन राहिलो म्हणून. त्या दोन वाक्यात एकही 'काव्यमय' शब्द नव्हता. तेव्हापासून मी एकच गोष्ट पाळते: आज सकाळची एक खरी वस्तू, जी समोरच्यालाही ओळखीची आहे, फोनवर बोलताना वापरू त्याच शब्दात, आणि लवकर थांबायचं.

हे सांगायला सोपं आहे, करताना नेमकं काय काय होतं ते तुझाच मेसेज घेऊन दाखवते.

तू नागपुरात, ती पुण्यात. आता या दोन गावांच्या सकाळीमधे एक खरा फरक आहे. आपण पुण्याच्या पूर्वेला साधारण ५ अंश रेखांशावर आहोत, आणि दर अंशाला सूर्याला ४ मिनिटं लागतात, म्हणजे आपल्याकडे सूर्य पुण्याच्या २० मिनिटं आधी उगवतो. आपण थोडे उत्तरेलाही आहोत त्यामुळे हे मोसमाप्रमाणे हलतं, उन्हाळ्यात फरक २५ मिनिटांपर्यंत जातो आणि डिसेंबरात १५-१६ वर येतो, पण मधला आकडा वीसच धर. म्हणजे तू खिडकीतून जे पहिलं ऊन बघतेस ते तिच्याकडे अजून पोचलेलं नाही. ही गोष्ट मी बनवलेली नाही, ती आहेच, फक्त आपण तिच्याकडे मेसेज म्हणून कधी बघितलं नाही. मेसेजमधली कविता बहुतेक वेळा अशीच असते, ती लिहायच्या आधी सापडावी लागते.

आता ती वाक्यात कशी येते बघ. पहिला प्रयत्न बहुतेक असा होईल:

"गुड मॉर्निंग! आमच्याकडे सूर्य उगवला, २० मिनिटांनी तुमच्याकडे उगवेल."

खरं आहे, पण ही माहिती झाली, शाळेतल्या भूगोलासारखी. मग वाटतं की हिला जरा सजवावं, आणि हात आपोआप इकडे जातो:

"सूर्यदेव आपल्या सोनेरी रथातून नागपूरहून तुझ्या भेटीस निघाले आहेत."

हे झालं ओढूनताणून. गंमत बघ, कल्पना तीच आहे, सूर्य इकडून तिकडे येतोय, पण इथं सूर्यदेव आला, रथ आला, भेटीस आलं, निघाले आहेत आलं. तुझ्या मैत्रिणीशी तू असं कधी बोलतेस का? जी मुलगी तुला 'बे' म्हणते तिला तू 'भेटीस' म्हणालीस की तिला वाटणारच की मधे कोणीतरी तिसरा आला. ओढूनताणून वाटणं हे बहुतेक वेळा कल्पनेमुळे नसतं, ते शब्दांचा पोत अचानक बदलल्यामुळे असतं. सुप्रभात, किरण, प्रभा, मंगलमय, उषा हे शब्द वाईट नाहीत, भाषणात, पत्रिकेत, आरतीत ते शोभतात, पण फोनवरच्या दोघींच्या बोलण्यात ते नवीन कडक साडीसारखे वेगळे उठून दिसतात. किरणाच्या जागी ऊन, उषेच्या जागी पहाट नाहीतर नुसतं 'सकाळी सकाळी', समीराच्या जागी वारा. तेवढ्यानंच अर्धं काम होतं.

म्हणून तिसऱ्यांदा:

"ऊन इकडून निघालंय. वीस मिनिटांत तुझ्याकडे पोचेल. चहा ठेव."

यात काय झालं ते नीट बघू, कारण इथंच सगळं आहे.

सूर्याचं ऊन झालं. सूर्य लांब आहे, सगळ्यांचा आहे, ऊन मात्र गॅलरीत येतं, फरशीवर पडतं, अंगावर घेता येतं. मग 'उगवलं' जाऊन 'निघालं' आलं. आपल्याकडे विदर्भात आपण तसंही म्हणतोच ना, 'पाऊस थांबला, आता ऊन निघालं'. पुण्याकडे ऊन पडतं, आपल्याकडे निघतं. आणि निघणं म्हणजे बाहेर येणं पण, आणि एखाद्या गावाहून दुसऱ्या गावाला जायला निघणं पण, 'आम्ही इकडून निघालोय' आपण फोनवर सांगतो तसं. एकाच साध्या क्रियापदात दोन्ही अर्थ बसले आणि तुला उपमा द्यावी लागली नाही. मेसेजला हलका कवितेचा स्पर्श देताना क्रियापदावर काम कर, विशेषणावर नको, हे मी सगळ्यांना सांगते. सोनेरी, कोमल, प्रसन्न, मंद, सुगंधी ही विशेषणं इतक्या हातातून गेलीत की गुळगुळीत झालीत, त्यांच्यावर आता काही अडकत नाही. क्रियापद मात्र नेहमीचंच असतं, फक्त ते आपण जरा वेगळ्या कर्त्याला लावायचं.

'वीस मिनिटांत' हे 'थोड्या वेळात' असं लिहिलं असतं तर वाक्य पडलं असतं. आकडा असला की ते खरं वाटतं, ती घड्याळाकडे बघेल, कदाचित खिडकीकडेही बघेल. कवितेत आकडा कसा चालेल असं वाटतं लोकांना, पण छोट्या मेसेजमधे एक नेमका आकडा चार विशेषणांचं काम करतो.

आणि 'चहा ठेव'. इथं ऊन हा पाहुणा झाला, पण पाहुणा हा शब्द आलाच नाही. 'पाहुण्यासारखं ऊन तुझ्या घरी येईल' असं लिहिलं असतंस तर कल्पना सगळी उघडी पडली असती आणि तिला करायला काही राहिलं नसतं. चहा ठेव म्हटलं की ती स्वतःच जोडून घेते, आणि जे आपण स्वतः जोडलं ते ओढूनताणून वाटत नाही. मी लिहिताना नेहमी बघते की वाक्यात 'सारखं', 'जणू', 'जसं' आलंय का. आलं असेल तर ते काढून वाक्य उभं राहतं का ते बघते. दहातल्या आठ वेळा राहतं.

आता त्या तीन वाक्यांची लांबी बघ. पहिलं मध्यम, दुसरं थोडं मोठं, तिसरं दोनच शब्दांचं. हे मला जुन्या ओवीवरून कळलं. ग्रंथातल्या ओवीला साडेतीन चरणांची म्हणतात, पहिल्या तीन चरणांना यमक असतं आणि चौथा आखूड, त्याला यमकाची सक्ती नाही. तो शेवटचा आखूड चरण आला की ऐकणाऱ्याला कळतं, इथं श्वास सोडायचा. मेसेजमधे ओवी लिहायची नाही, पण शेवट आखूड ठेवायचा एवढं त्यातून घ्यायचं. मोठ्यानं वाचून बघ, शेवटचं वाक्य सगळ्यात लांब असेल तर मेसेज भाषणासारखा संपतो.

यमकाबद्दल इथंच सांगते कारण बहुतेक लोक कवितेचा स्पर्श म्हणजे यमक समजतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे यमक फुकटात मिळतं: आली, झाली, न्हाली, हसली, बसली. 'सकाळ झाली, किरणं आली, तुझी आठवण मनात दाटून आली'. जे फुकटात मिळतं ते वाचणाऱ्याला लगेच दिसतं, पुढचा शब्द काय येणार ते तिला आधीच कळतं. त्यापेक्षा क्रियापदाची जागा हलव, हे मराठीत फार छान चालतं आणि बोलण्यातही आपण करतोच. 'कूलर आज माळ्यावरून काढला' हे साधं वाक्य, 'काढला आज कूलर माळ्यावरून' म्हटलं की त्यात सुस्कारा आला, काहीतरी ठरलं असा भाव आला. एवढाच ताल पुरतो. एका मेसेजमधे एकदाच हलव, प्रत्येक वाक्यात क्रियापद पुढं आणलंस तर ते नाटकातले संवाद होतील.

आता तू म्हणशील 'गुड मॉर्निंग' कुठं गेलं. मी सहसा ते काढते, कारण सकाळी साडेसहाला आलेला मेसेज सकाळचाच असतो. पण तुमची जर सवय असेल तर राहू दे, फक्त शेवटी नको, कारण मग 'चहा ठेव' वर श्वास सुटत नाही. सुरुवातीला साधंच 'मॉर्निंग ग,' असं लिही. आणि इमोजी एकच, तोही वाक्यात जे नाही त्याचा. ऊन लिहून पुढे सूर्याचा इमोजी लावला तर एकच गोष्ट दोनदा सांगितली.

या मेसेजच्या मर्यादाही आहेत. हा वर्षातून एकदा, फार तर दोनदा. जुलैत ढग असताना पाठवलास तर खोटा, आणि खोटं ती लगेच ओळखेल कारण तिच्याकडेही पाऊस आहे. मैत्रीण कोलकात्याला असती तर उलटं झालं असतं, तिकडे सूर्य आपल्या बराच आधी येतो, तेव्हा लिहायचं 'तुझ्याकडचं ऊन आत्ता पोचलं, काही निरोप दिला होता का?' म्हणजे सूत्र नाही पाठ करायचं, आपण दोघी कुठं आहोत आणि आज काय आहे ते बघायचं.

मग बाकीच्या दिवशी काय लिहायचं? आपल्या गावात मोसम इतके टोकाचे आहेत की नुसतं लक्ष ठेवलं तरी पुरतं. फेब्रुवारी-मार्चमधे गावाबाहेर जाशील तर पळस फुललेला असतो. यावर सगळे लिहितात की पळस पेटला, रान पेटलं, आणि कधीकाळी हे ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्याला खरंच जाळ दिसला असेल, पण आता ते विझलंय. त्याऐवजी आपल्याच म्हणीकडे जा. फुलताना पळसाची पानं बहुतेक गळलेली असतात, म्हणून मी एका मैत्रिणीला, जी नोकरीसाठी तीन गावं फिरून कंटाळली होती, असं लिहिलं होतं:

"कुठंही जा पळसाला पानं तीनच म्हणतात. आज रामटेक रोडवर बघितला, एकही नाही. नुसती फुलं."

तिला म्हण माहीत होती म्हणूनच हे चाललं. तिनं दुपारी फोन केला, पळसाबद्दल एक शब्द बोलली नाही, सरळ नोकरीबद्दल बोलायला लागली. म्हणजे पोचलं होतं.

एप्रिलमधे कूलर निघतात. वाळ्याच्या ताट्यांवर पहिलं पाणी पडलं की जो वास येतो तो विदर्भ सोडून गेलेल्या माणसाला सांगितला तरी पुरतो: "काढला आज कूलर. वाळ्याचा वास आला आणि तुझी गच्ची आठवली." इथं 'तुझी गच्ची' महत्त्वाची, 'तुझी आठवण आली' नको. आठवण ही सगळ्यांची सारखी असते, गच्ची तिची एकटीची आहे. तुम्ही कॉलेजात असताना फुटाळ्याला बसत असाल, कुठल्या टपरीवर पोहे खात असाल, तिनं तर्री जास्त मागून मग डोळ्यात पाणी आणलं असेल, असं जे तुम्हा दोघींनाच माहीत आहे ते एक नाव मेसेजमधे आलं की फॉरवर्डचा संशय संपतो. मात्र एकच. एका मेसेजमधे ऊन, पळस, कूलर आणि फुटाळा सगळं घातलंस तर ते नागपूर दर्शन होईल.

आणि एक गोष्ट जी मी चुकून शिकले. माझ्या एका जवळच्या मैत्रिणीचे वडील हॉस्पिटलमधे होते, ती आठवडाभर रात्री तिथंच बसून होती, आणि मला वाटलं की हिला सकाळी काहीतरी सुंदर लिहून पाठवावं. मी पहाटेवर चार ओळी लिहिल्या, रात्र सरते वगैरे, आणि त्या माझ्या मते चांगल्या होत्या. तिचं उत्तर आलं, 'बरं'. नंतर खूप दिवसांनी तिनं सांगितलं की त्या वेळी तिला ते वाचून एकटं वाटलं, कारण मी तिच्याकडे नाही, माझ्या ओळींकडे बघत होते. मला आजही ते लागतं. अशा सकाळी एवढंच लिहायचं होतं की 'नऊला डबा घेऊन येते, पोळ्या की भात?' त्यात कविता नाही आणि नकोच. समोरच्याची सकाळ कशी आहे हे माहीत नसेल, किंवा माहीत असेल आणि ती जड असेल, तर साधा मेसेजच बरोबर आहे.

रोज मात्र असं लिहू नको. पाच दिवस तुझं 'मॉर्निंग, उठली का?' चालू दे, सहाव्या दिवशी काही दिसलं तर लिही. नाही दिसलं तर नको लिहू. रोज सुंदर लिहायचं ठरवलं की डोळे बघणं सोडतात आणि हात शब्दांच्या डब्यात जातो, आणि मग पुन्हा सोनेरी किरणं. मी रेडिओवर रोज लिहायची तेव्हाही आठवड्यातून दोनच ओळी अशा यायच्या, बाकीच्या दिवशी वेळ, तापमान आणि पुढचं गाणं.

पाठवायच्या आधी मी दोन गोष्टी बघते, तूही बघ. एक, हाच मेसेज तुझ्या मामाला, ऑफिसच्या ग्रुपवर किंवा शाळेतल्या बाईंना पाठवता येईल का? येत असेल तर तो अजून तिचा झाला नाही. दुसरी, तो फोनवर तिच्याशी बोलताना न अडखळता म्हणता येईल का, मधे हसू न येता? जिथं जीभ अडखळते तो शब्द बदल, बहुतेक तो एकच शब्द असतो.

आणि जमलं की नाही हे तिच्या उत्तरावरून कळेल. 'वा', 'मस्त', टाळ्यांचे इमोजी, 'काय लिहितेस ग' असं आलं तर समज की तिचं लक्ष तुझ्या लिहिण्यावर गेलं, म्हणजे थोडं जास्त झालं. तिनं जर वस्तूलाच उत्तर दिलं, म्हणजे 'अजून नाही पोचलं, समोरच्या बिल्डिंगनं अडवलंय' किंवा 'दूध संपलंय, काळा चालेल का त्याला', तर मेसेज बरोबर बसला. त्यावर पुन्हा काही काव्यात्मक लिहायला जाऊ नकोस, तिचं वाक्य तुझ्यापेक्षा छान असेल आणि ते तसंच राहू दे. नुसतं लिही, 'चालेल त्याला. साखर कमी.'